उद्योग-मासिकाच्या संपादकाला लेख सुचवणारा मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाद्यप्रक्रिया उद्योगाच्या एका मासिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होते. आता इंदूरला घरी आले आहे, आणि राजवाड्यापासून सांवेर रोडपर्यंतच्या ओळखीच्या कारखानदारांचे मेल तपासून देते. लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: आमच्या ओळखीच्या एका काकांचा शेव-नमकीनचा छोटा कारखाना आणि त्यांनी बदलून घेतलेली कढई. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, पण हिशेबाची रीत तीच आहे.

हा मेल म्हणजे जाहिरातच ना, जरा सभ्य भाषेत?

नाही. जाहिरातीची जागा तुम्ही विकत घेता, तिथे काय छापायचं ते तुम्ही ठरवता. इथे तुम्ही संपादकाला एवढंच सांगता की आमच्याकडे अमुक घडलंय, तुमच्या वाचकाला ते कामाचं वाटेल, येऊन बघा. पुढे लेख लिहायचा की नाही, कसा लिहायचा, त्यात तुमच्या विरोधात जाणारं काही घालायचं का, हे सगळं त्यांच्या हातात. हे पचत नसेल तर सरळ जाहिरात द्या, त्यात कमीपणा काही नाही.

मेल उघडल्यावर संपादक पहिलं काय शोधतो?

आपला वाचक. उद्योग-मासिकाचा वाचक हा तुमचा गिऱ्हाईक नसतो, तो तुमचाच व्यवसायबंधू असतो. तुमची शेव किती खुसखुशीत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याच्याकडे स्वतःची शेव आहे. त्याला हवं असतं ते उद्या सकाळी आपल्या भट्टीवर करून बघता येईल असं काहीतरी.

काकांनी लिहिलेल्या पहिल्या मेलमध्ये आजोबांनी मल्हारगंजात दुकान कसं टाकलं इथपासून सुरुवात होती. तिसऱ्या परिच्छेदात मसाल्याची खासियत. कढईचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत, तोही "आम्ही आधुनिक तंत्रज्ञान वापरतो" एवढाच. मी म्हटलं, काका, बातमी तर ही कढईच आहे, बाकीचं सगळं काढा.

आता ही कढई काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेव तळताना बेसनाचे बारीक तुकडे सुटतात आणि तळाशी बसतात. साध्या कढईत आच नेमकी तळालाच लागते, म्हणजे चुरा सगळ्यात तापलेल्या जागी पडून राहतो आणि जळतो. त्यानं तेल काळं पडतं, वास धरतं, फेसाळतं. काकांच्या पुतण्यानं पोलोग्राउंडच्या एका फॅब्रिकेटरकडून कढईचा तळ मध्यभागी कापून घेतला आणि खाली डब्यासारखा एक कप्पा जोडून घेतला. आच आता कप्प्याभोवती गोल लागते, कप्प्याला पत्र्याचा आडोसा आहे. वरचं तेल 175 अंशांवर असतं तेव्हा कप्प्यातलं त्याहून बरंच थंड राहतं. चुरा खाली उतरतो, पण जळत नाही. संध्याकाळी आच बंद करून, तेल कोमट झाल्यावर, कप्प्याखालची तोटी उघडून तो काढून टाकायचा. बस, एवढंच.

"भारतात पहिल्यांदाच" असं लिहिलं तर वजन पडेल का?

पडेल, पण तुमच्याच अंगावर. चुरा थंड भागात उतरवणाऱ्या तळण्याच्या यंत्रांची कल्पना जुनी आहे. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात तसली यंत्रं सर्रास असतात, आणि खाद्य-मासिकाच्या संपादकाला ते ठाऊक असतं. "पहिल्यांदाच" हा शब्द दिसला की तो मेल बाजूला सारतो, कारण आता बाकीच्या ओळीही तपासायची वेळ आली.

मग नवं काय आहे? नवं हे की शेवेची चालू, जुनी, लोखंडी बैठकीवरची कढई न बदलता तिच्यातच हा कप्पा बसवला, आणि तो 36,000 रुपयांत झाला. शेवेचा कारखानदार नवीन यंत्र घेत नाही याचं कारण पैसा आहेच, पण कारागिराचा हातही आहे: झाऱ्यावर पीठ घासून गोल कढईत शेव सोडायची सवय चौकोनी यंत्रात मोडते. कढई गोल राहिली म्हणून कारागीर राहिला. मेलमध्ये हेच एक वाक्य सगळ्यात जास्त किमतीचं आहे.

बचतीचा आकडा कसा लिहायचा? आमच्याकडे तर 33 टक्के बचत झालीय.

कशाच्या 33 टक्के, हे आधी स्वतःला विचारा. इथे सगळे घसरतात, म्हणून हिशेब पूर्ण मांडते.

काकांच्या एका कढईवर रोज 150 किलो शेव निघते. शेव तेल पिते, अन् भरपूर पिते: त्यांच्याकडे किलोमागे साधारण एक तृतीयांश, म्हणजे रोज जवळपास 50 किलो तेल शेवेबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातं. महिन्याचे 24 दिवस काम धरलं तर 1200 किलो. या तेलाला कप्प्यानं काही फरक पडत नाही, ते जाणारच आहे.

फरक पडतो तो कढईत उरलेल्या आणि खराब झाल्यावर काढून टाकाव्या लागणाऱ्या तेलात. आधी दर चौथ्या दिवशी 40 किलो काढावं लागे, म्हणजे महिन्यात सहा वेळा, 240 किलो. आता सहाव्या दिवशी काढतात, चार वेळा, 160 किलो. वाचले 80 किलो.

240 मधले 80 म्हणजे 33 टक्के, हे खरं. पण या एका कढईला महिन्याला एकूण तेल लागत होतं 1440 किलो, आता 1360. त्या हिशेबानं बचत साडेपाच टक्के. "तेलाची 33 टक्के बचत" असं लिहिलं तर वाचणारा कारखानदार समजेल की आपलं तेलाचं बिल तिसऱ्या हिश्श्यानं उतरणार. तो कढई कापून घेईल, आणि महिनाअखेरीला संपादकाला फोन करेल. म्हणून असं लिहा: "खराब म्हणून काढाव्या लागणाऱ्या तेलात एक तृतीयांश घट, महिन्याला 80 किलो." आकडा लहान दिसतो, पण टिकतो.

रुपयांत मांडताना आणखी एक खाच आहे. जुनं तेल फुकट जात नाही, बायोडिझेलसाठी गोळा करणारे ते विकत घेतात. नवं तेल 130 रुपये किलो आणि जुन्याला 40 मिळत असतील, तर किलोमागे वाचतात 90. तेव्हा 80 किलोंचे 7200, 10,400 नव्हेत. 36,000 चा खर्च पाच महिन्यांत निघतो.

आणि कृपा करून किलो आणि लिटर यांची भेसळ करू नका. तेलाचा लिटर साधारण 910 ग्रॅम भरतो. सियागंजात 15 किलोचा डबाही मिळतो आणि 15 लिटरचाही, दोघांत सव्वा किलोहून जास्त फरक. संपूर्ण मेलमध्ये एकच माप ठेवा.

पुरावा म्हणून काय द्यायचं? आमचा शब्द पुरत नाही का?

नाही पुरत. तळणाच्या तेलाबाबतीत सुदैवानं मोजमाप आहे. तेल तापून तापून जे घटक बिघडतात त्यांतल्या ठरावीक गटाला टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, बोलताना टीपीसी. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांपेक्षा जास्त टीपीसी असलेलं तेल तळायला वापरता येत नाही. हातात धरायचं मीटर मिळतं, त्याचं टोक गरम तेलात बुडवलं की आकडा दिसतो. घाणा काढल्याबरोबर बुडवू नका, बुडबुडे असले की आकडा चुकतो. चारपाच मिनिटं थांबा.

दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळायला लागणाऱ्यांना 2019 पासून तेलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. काकांचा कारखाना त्यात मोडतो, त्यामुळे वही होतीच. ती वही, तेलकट डागांसकट, हा त्यांचा सगळ्यात भक्कम कागद ठरला.

पण एक गोची होती, आणि ती माझ्याही उशिरा लक्षात आली. आधी तेल कधी काढायचं ते कारागीर रंगावरून ठरवायचा. कप्पा बसवल्यावर पुतण्यानं मीटर आणलं आणि 24 आकडा आला की तेल काढायला लागला. म्हणजे आधीचं मोजमाप डोळ्यानं आणि नंतरचं मीटरनं! कदाचित जुन्या कढईतलं तेलही मीटरच्या हिशेबानं सहा दिवस चाललं असतं, कोण जाणे. मग त्यांनी तीन आठवडे दोन कढया समोरासमोर चालवल्या, एक जुनी, एक बदललेली. तेलाचा डबा एकाच खेपेचा, बेसन तेच, कारागीर आलटून पालटून. जुनीत चौथ्या दिवशी संध्याकाळी 24 आलं, नव्या कढईत सहाव्या दिवशी. कारागिराचा डोळा मीटरच्या तोडीचा निघाला, हे वेगळंच. आता तो मीटरवाल्यांना भाव देत नाही.

तुमचा शोध कशाचाही असो, "आधी" आणि "नंतर" एकाच फूटपट्टीनं मोजलंय ना, एवढं मेल पाठवण्याआधी बघा.

विषयाच्या ओळीत काय लिहायचं?

काय बदललं, किती फरक पडला, कुठे. "इंदूरच्या युवा उद्योजकाची गगनभरारी" असं लिहिलंत तर मेल न उघडताच जातो. आमची ओळ होती: "लेखसूचना: शेवेच्या जुन्या कढईला चुऱ्याचा कप्पा, काढून टाकायचं तेल महिन्याला 240 वरून 160 किलो (इंदूर)". लांब आहे, पण फोनवर अर्धी दिसली तरी "शेवेच्या जुन्या कढईला चुऱ्याचा कप्पा" एवढं कळतं.

पूर्ण मेलचा नमुना मिळेल का?

घ्या. मूळ मेल मासिकाच्या भाषेत गेला होता. तुम्हीही मासिक ज्या भाषेत निघतं त्याच भाषेत लिहा. इथे मराठीत देते.

> नमस्कार,
>
> तुमच्या मासिकातलं छोट्या कारखान्यांसाठीचं सदर मी नेहमी वाचतो. गेल्या अंकातल्या पॅकिंगवरच्या लेखात तेलाच्या खवटपणाचा विषय होता, त्याला जोडून एक लेख सुचवतो आहे.
>
> इंदूरमध्ये आमचा शेव-नमकीनचा कारखाना आहे, दोन कढया, सात माणसं. एका कढईचा तळ कापून आम्ही खाली चुऱ्यासाठी कप्पा बसवला. आच कप्प्याच्या भोवती लागते, त्यामुळे तळाशी बसलेलं बेसन जळत नाही. ही कल्पना मोठ्या यंत्रांत आधीपासून आहे. आम्ही ती चालू गोल कढईत, स्थानिक फॅब्रिकेटरकडून, 36,000 रुपयांत बसवली, आणि कारागिराची पद्धत बदलावी लागली नाही.
>
> जुनी आणि बदललेली कढई तीन आठवडे बरोबरीनं चालवून टीपीसी रोज मोजला. 24 टक्क्यांवर तेल काढायचं ठरवलं तर जुन्या कढईत चौथ्या दिवशी काढावं लागलं, नव्या कढईत सहाव्या. महिन्याला काढून टाकायचं तेल 240 किलोंवरून 160 वर आलं. शेवेत मुरणारं तेल तेवढंच आहे, त्या कढईच्या एकूण तेलखरेदीत फरक साडेपाच टक्के.
>
> दोन मर्यादा आहेत. धुतल्यावर कप्प्यात पाणी राहिलं तर धोका आहे, आम्हाला एकदा त्याचा अनुभव आला. आणि तळताना चुरा कमी सुटतो अशा मालाला, उदाहरणार्थ शेंगदाण्याला, याचा फारसा उपयोग दिसला नाही.
>
> नोंदवही, मीटरचे आकडे आणि कढईचं मापासहित रेखाचित्र देऊ शकतो. भट्टी सकाळी सात ते दुपारी दोन चालू असते, कधीही येऊन बघता येईल. फॅब्रिकेटरही बोलायला तयार आहेत. हा विषय सध्या फक्त तुम्हालाच पाठवला आहे.
>
> आपला,
> (नाव, कारखान्याचा पत्ता, फोन)

यात "क्रांतिकारी" नाही, "अग्रगण्य" नाही. पहिल्या परिच्छेदातला अंकाचा उल्लेख खरा असायला हवा, अंक वाचलेला असायला हवा. न वाचता लिहिलेलं दोन वाक्यांत उघडं पडतं, मी कितीदा पकडलंय.

स्वतःच्या मर्यादा स्वतः कशाला सांगायच्या?

कारण इथे कुणीतरी भाजू शकतं. काकांकडे काय झालं ते ऐका. रविवारी कढई धुतली, उलटी करून पाणी काढलं असं पोराला वाटलं, पण कप्प्याच्या गळ्याशी पाणी अडकून राहिलं. सोमवारी तेल ओतलं, आच लावली. पाणी तेलापेक्षा जड, ते कप्प्यात तळाशी बसलेलं, वर चाळीस किलो तेल. कप्पा थंड राहावा म्हणूनच केलेला, त्यामुळे बराच वेळ काहीच झालं नाही. हळूहळू तिथलं तापमान शंभरच्या वर गेलं आणि पाण्याची एकदम वाफ झाली. तेल उसळून काठाबाहेर आलं. कारागीर त्या क्षणी बेसन आणायला आत गेला होता म्हणून वाचला. आता नियम असा आहे की धुतल्यावर तोटी रात्रभर उघडी ठेवायची, सकाळी कोरडं फडकं काठीला बांधून आत फिरवायचं, आणि ते फडकं बघून मगच तेल.

हे मेलमध्ये नसतं आणि लेख वाचून कुणी उज्जैनला किंवा रतलामला कढई कापून घेतली असती तर? संपादक हाच विचार करतो. तोटी आचेच्या किती जवळ आहे, तिची आतली बैठक किती तापमान सोसते, तेल तापलेलं असताना चुकून कुणाचा पाय लागून ती उघडू शकते का, हे प्रश्न तो विचारणारच. पुतण्यानं तोटीचा दांडा काढून खिळ्याला टांगून ठेवायची पद्धत पाडली, दिवसा दांडा लावायचाच नाही. हा फोटो मासिकानं छापला, कढईचा नंतर.

मेल पाठवल्यावर कल्पना चोरीला गेली तर?

चोरीपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. पेटंट घ्यायचा विचार असेल, तर अर्ज करण्याआधी ती गोष्ट छापून आली की ती "नवी" राहत नाही, आणि पेटंटला नवेपणा लागतो. तुमच्याच तोंडून, तुमच्याच फोटोसह छापून आलेली असली तरी. कायद्यात सवलती आहेत, सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणं वगैरे, पण मासिकातला लेख त्यात बसत नाही. म्हणून क्रम असा: आधी तात्पुरता अर्ज, मग मेल. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. त्यानंतर संपूर्ण तपशिलाचा अर्ज भरायला 12 महिने मिळतात.

"गोपनीय" असा शिक्का मेलवर मारून संपादक बांधला जात नाही. त्यानं आधी कबूल केलेलं नसेल तर जे लिहाल ते छापलं जाऊ शकतं असं धरूनच लिहा.

काकांनी पेटंटच्या नादी लागायचं नाही असं ठरवलं. एकतर मूळ कल्पना जुनी, आणि फॅब्रिकेटरनं तोवर आणखी दोघांना तशीच कढई करून दिली होती! त्यांच्या बाबतीत हा निर्णय बरोबरच होता. तुमचं तसं असेलच असं नाही.

फोटो, ब्रोशर, व्हिडिओ जोडू का?

पहिल्या मेलला दोन फोटो पुरेत, तेही हलके. एक कढईचा आडवा, कप्पा दिसेल असा, शेजारी फूटपट्टी किंवा हात, म्हणजे आकार कळतो. दुसरा वहीच्या पानाचा. हार घातलेले, पाहुण्यांबरोबरचे फोटो नकोत. छपाईसाठी मोठे फोटो मागितल्यावर मूळ फाइल पाठवा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको, ती दाबून लहान झालेली असते.

एकाच वेळी पाच मासिकांना पाठवलं तर कुठेतरी लागेल ना?

लागेल, आणि दोन ठिकाणी लागलं तर दोन्हीकडचं दार बंद होईल. एका विषयाची मासिकं मोजकी असतात, संपादक एकमेकांना ओळखतात. एकाला पाठवा, त्याला फक्त तुम्हालाच पाठवलंय असं सांगा आणि ते पाळा. मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी आखला जातो, त्यामुळे दिवाळीच्या नमकीन हंगामासाठीचा विषय पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जायला हवा. आठ-दहा दिवसांनी एकदा, त्याच मेलला जोडून, दोन ओळींची आठवण करा. आणखी आठवड्यानं उत्तर नसेल तर "आता दुसरीकडे पाठवतो आहे" असं कळवून मोकळे व्हा. गंमत अशी की बऱ्याचदा उत्तर त्या ओळीलाच येतं.

फोन करून "मेल मिळाला का?" विचारू नका. मिळालेला असतो.

संपादकानं उलट प्रश्न पाठवले आणि आम्हाला उत्तर माहीत नाही, तर?

तर "माहीत नाही, मोजून सांगतो" असं लिहा. आमच्या मेलला चौथ्या दिवशी एकाच ओळीचं उत्तर आलं: "रोज तोटी उघडता तेव्हा चुऱ्याबरोबर तेलही जात असेल. ते कुठे धरलंय?"

कुठेच धरलं नव्हतं. काका म्हणाले, "अगं, अर्धा वाटी तेलाचं काय घेऊन बसलीस!" मी म्हटलं, काका, एक आठवडा वजन करा. चुरा फडक्यातून गाळला, पिळला, उरलेला लगदा आणि नुसतं कोरडं बेसन यांचा अंदाज घेतला, तेव्हा रोज साधारण अर्धा किलो तेल चुऱ्याबरोबर जात होतं. महिन्याला 12 किलो.

हिशेब बदलला. तेलाची खरेदी 80 नव्हे, 68 किलोंनी उतरली. त्याचे 130 च्या भावानं 8840 रुपये. जुनं तेल 80 किलो कमी विकलं गेलं, म्हणजे 3200 चं उत्पन्न बुडालं. महिन्याला हातात 5640. खर्च पाच नव्हे, जवळपास साडेसहा महिन्यांत निघतो. आधीच्या पद्धतीतही चुरा झाऱ्यानं काढताना तेल जातच असणार, पण ते कधी मोजलं नव्हतं, म्हणून धरलं नाही.

काकांचा चेहरा उतरला होता. हे सुधारलेले आकडे, आमचा आधीचा हिशेब कसा चुकला त्यासकट, आम्ही पाठवले. दुसऱ्या दिवशी भेटीची तारीख आली.

लेख छापण्याआधी आम्हाला दाखवतील का? पैसे द्यावे लागतील का?

पूर्ण लेख सहसा दाखवत नाहीत, आणि हट्ट धरू नये. "तांत्रिक आकडे आणि मापं एकदा तपासायला पाठवाल का?" एवढं विचारा, याला चांगले संपादक नाही म्हणत नाहीत. पैसे मागितले तर तो लेख जाहिरात म्हणून छापला जाणार का, ते स्पष्ट विचारा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

कल्पना पुतण्याची, काम फॅब्रिकेटरचं, कारखाना काकांचा. नाव कुणाचं द्यायचं?

तिघांचं, प्रत्येकानं काय केलं ते लिहून. आमच्याकडे यावरून घरात थोडी धुसफूस झाली. काकूंचं म्हणणं, लोखंड कापणाऱ्याचं नाव मासिकात कशाला. पण आच कप्प्याभोवती गोल फिरवायची हे पुतण्याच्या रेखाचित्रात नव्हतंच, तिथे बर्नर खालीच होता. ते फॅब्रिकेटरनं सुचवलं, आणि तेच नसतं तर कप्प्यातला चुराही जळला असता. वार्ताहर आली तेव्हा तिनं पहिला तासभर त्यांच्याशीच घालवला, पोह्यांची बशी तशीच राहिली.

लेखात चूक छापली गेली, आता काय?

आमच्या लेखात चौकटीत 160 किलोंऐवजी 160 लिटर छापलं गेलं. रागावून फोन केला नाही. पान, चौकट, छापलेला आकडा, बरोबर आकडा, अशी एका ओळीची मेल गेली, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती आली. मोठी चूक असेल, म्हणजे पाण्याच्या धोक्याची ओळच गाळली गेली असेल, तर मात्र त्याच दिवशी कळवा आणि मासिकाच्या ऑनलाइन आवृत्तीत तरी लगेच घालायला सांगा. काकांना अजूनही महिन्यातून दोनतीन फोन येतात, कढई कापून घ्यायची आहे म्हणून. ते आधी विचारतात, धुतल्यावर कोरडी कशी करणार ते सांगा, मग फॅब्रिकेटरचा नंबर देतात.